टोकं मात्र बरोबर आली

३ मार्च

फणीताईंस,

तुमचं केसांचं सदर मी कॉलेजात असल्यापासून वाचते. स्वतः कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं, कारण माझे केस हा आमच्या घरात कौतुकाचा विषय होता. काळेभोर, कमरेपर्यंत. वयाच्या तिशीतही डोक्यात एक पांढरा केस नाही.

गेल्या महिन्यात माझं लग्न झालं. लग्नाला केस जरा वेगळे हवेत, उन्हात तांबूस दिसतील असे, एवढीच हौस होती. माझी मोठी बहीण सलूनमध्ये रंगाचंच काम करते, बाहेर कुठे जायचा प्रश्नच नव्हता. तिने रंगांचं कार्ड माझ्या चेहऱ्याशी धरून धरून सहा नंबरचा तपकिरी ठरवला. लग्नाच्या सकाळी लावला. आणि धुऊन आरशात बघते तर माथ्यावर काळपट हिरवं. शेवाळलेल्या हौदासारखं. ठरल्यापेक्षा तीन-चार छटा गडद. खाली येता येता मधेच विटकरी पट्टे, आणि टोकं मात्र बरोबर आली, अगदी कार्डावरच्यासारखी.

ताईने फुलांची रुंद पट्टी माथ्यावर बांधून मला उभं केलं. फोटोत जिथे जिथे मी मान वाकवली आहे तिथे तिथे ते हिरवं दिसतं. नवरा चेष्टेत म्हणतो, एका लग्नात दोन बायका मिळाल्या, एक वरून आणि एक खालून. मी हसते. पण खरं विचारायचं आहे ते असं, की बारा वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक चुकून होते का? ताईचं लग्न ठरून मोडलं होतं. माझी नणंद म्हणाली, सख्खी बहीण असली तरी मनुष्य आहे. तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. आता तिचंच वाक्य डोक्यात फिरतं. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार मला शाळेत नीट कळला नव्हता.

ताईशी बोलणं बंद आहे. केसांचं काय करू, तेवढं तरी सांगा.

तुमची,
दोन रंगांची

●

१४ मार्च (सदरात छापलेलं उत्तर)

दोन रंगांच्या वाचक भगिनीस,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दर वेळी एकाच वाक्याशी थांबले: टोकं बरोबर आली.

रंगाचे नंबर असे असतात: एक म्हणजे काळा, आणि आकडा वाढेल तसा रंग फिका. तुमचे केस मुळात तीनच्या आसपास असणार. तिनावरून सहावर जायचं तर नुसता रंग चढवून भागत नाही, आधी केसाच्या आतला काळेपणा थोडा उतरवावा लागतो. ते काम रंगात मिसळलेलं पेरॉक्साइड करतं. एकाच वाटीतला रंग एकाच वेळी सगळीकडे लावला आणि टोकं सहा नंबरची झाली, याचा अर्थ रंग योग्य होता, पेरॉक्साइड योग्य होतं, प्रमाणही योग्य होतं. वाटी चुकली असती तर टोकंही चुकली असती.

म्हणजे फरक वाटीत नाही, केसात आहे. माथ्याजवळच्या केसावर असं काहीतरी आहे जे टोकांवर नाही. ते काय, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. आणि ठाऊक नसताना ठामपणे बोलण्याची सवय या सदराला लागू नये, म्हणून इथेच थांबते.

तोवर दोन गोष्टी. दुसरा कुठलाही रंग वरून लावू नका. ब्लीच तर मुळीच नको. आणि माथ्याची एक बट व टोकाची एक बट कापून, वेगवेगळ्या पुड्या करून, मला पाठवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, माणसाच्या हातून चुकून काय होतं आणि मुद्दाम काय होतं याला, माझ्याकडे परीक्षानळी नाही.

फणीताई

●

२० मार्च

फणीताईंस,

पुड्या पाठवत आहे. ‘वर’ आणि ‘खाली’ असं लिहिलं आहे. कापताना रडू आलं. तेवढ्याशा केसाला काय रडायचं, पण आलं.

तुम्ही ताईची बाजू घेतलीत असं वाटून आधी राग आला, मग वाटलं, तुम्हाला ती कुठे माहीत आहे. ब्लीच नको म्हणता, पण मी दुसऱ्या सलूनमध्ये पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. तिथली बाई म्हणाली, सगळं उतरवून टाकू आणि पहिल्यापासून करू. ऐकायला किती छान वाटतं.

केसात काय आहे म्हणाल तर काही नाही. रंग लावायच्या आधी ताईनेही हेच विचारलं होतं, कधी रंग लावलास का, काळं करायचं काही लावलंस का. मी तिला खरं तेच सांगितलं. जन्मात नाही. माझ्या डोक्याला आईच्या तेलाशिवाय काही लागलेलं नाही. रविवारी आई मला पुढ्यात घेऊन बसते, बाटली हलवून हलवून तळहातावर तेल घेते आणि माथ्यावर जिरवते. लग्न झाल्यावरही मी रविवारी माहेरी जाते ती खरं तर त्यासाठीच. ताईला हे कधी आवडलं नाही, ती म्हणायची, घोडी झालीस तरी आईच्या पुढ्यात. आईच्या त्या हातांत काय आहे ते तुम्हाला कसं सांगू. तो वेळ सोडला तर आमच्या घरात कुणी कुणाला हात लावत नाही.

तुमची,
दोन रंगांची

●

२९ मार्च (खाजगी)

प्रिय भगिनी,

हे पत्र छापायचं नाही, म्हणून जरा मोकळं लिहिते.

काचेच्या दोन वाट्यांत थोडं पेरॉक्साइड घेतलं, त्यात अमोनियाचे थेंब टाकले आणि तुमच्या बटा वेगवेगळ्या बुडवल्या. ‘खाली’ची बट शांत राहिली, सावकाश किंचित फिकी झाली. केसाने असंच वागायचं असतं. ‘वर’च्या बटेभोवती लगेच बुडबुडे आले. वाटी हाताला गरम लागायला लागली, आणि सडक्या अंड्यासारखा वास आला. बट बाहेर काढली तेव्हा चिमटीत ओल्या कागदासारखी तुटली.

याचा अर्थ, माथ्याच्या केसांवर धातूचे क्षार बसले आहेत. पांढरे केस ‘हळूहळू, कुणाला न कळता’ काळे करणारी काही औषधं बाजारात मिळतात, त्यांत ते असतात. ते केसाच्या आत शिरत नाहीत, लावू तसा वरून थर चढतो. नुसते असताना कळतही नाहीत. पेरॉक्साइड लागलं की तापतात आणि भलता रंग दाखवतात. ब्लीचमध्ये पेरॉक्साइडच असतं. तुमच्या सगळ्या डोक्यावर ते लावलं तर वाटीत जे झालं ते डोक्यावर होईल. ती वेळ कृपा करून रद्द करा. हा थर उतरवायचा खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. केस वाढू द्यायचे आणि खालून कापत जायचं, एवढंच. हे लिहिताना मला फार निरुपयोगी वाटतं.

एक विनंती. त्या तेलातलं चमचाभर मला पाठवाल का? कारण विचाराल तर अजून शंकेपलीकडे माझ्याकडे काही नाही. नुसतं तेल हलवून घ्यावं लागत नाही, एवढंच मनात आलं. हे वाक्य लिहावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. खोडलं, परत लिहिलं.

फणीताई

●

५ एप्रिल

फणीताईंस,

सलूनची वेळ रद्द केली. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत.

पण तेलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. पत्र मी आईलाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते तेल संपलं गं, बाटली टाकून दिली. तिला किती लागलं असेल. आता नवी बाटली आणली आहे.

धातूचा रंग असं तुम्ही स्वतःच लिहिलंत. मग सरळ आहे. रंग कुणाच्या दुकानात असतात? आमच्या घरात रंगाची वाटी एकाच माणसाच्या हातात होती. माथ्यावर आधी एक काहीतरी लावलं असेल, टोकांना दुसरं. तुम्ही पुरावा दिलात, फक्त नाव घ्यायचं टाळलंत. मी आता ताईला बोलणार नाही, कधीच नाही. आईलाही सांगितलं, ती येणार असेल त्या दिवशी मी येणार नाही.

दोन रंगांची

●

७ एप्रिल

फणीताई बाई यांस, अनेक नमस्कार.

मी त्या मुलीची आई. तुमचा पत्ता तिच्या पाकिटावरून घेतला. मला एवढं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही ओळखलंत हे मला पत्र ऐकतानाच कळलं. बाटली टाकलेली नाही, कपाटात कपड्यांमागे आहे.

मोठीला फार लवकर पांढरे केस आले. तिचं ठरलं होतं तेव्हा समोर भांगात दिसायचे. ती म्हणायची, दिसू दे. मग ते मोडलं. मोठी म्हणते कारण ते नव्हतं. नसेलही. पण त्या घरची बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिची नजर कुठे होती ते मी बघितलं होतं. धाकटीच्या डोक्यात पहिले दोन-तीन दिसले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिला ते दिसायच्या आधी मला दिसले, कारण डोकं माझ्या पुढ्यात असायचं. दुकानदाराने ते औषध दिलं, म्हणाला, निरुपद्रवी आहे, कुणाला कळणार नाही. तेलात घातलं की तळाला बसायचं, म्हणून हलवायची. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, तिलासुद्धा नाही. माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत, असं मी मनाशी म्हणायची.

मोठी रंग लावणार हे कळलं तेव्हा सांगायला हवं होतं. म्हटलं, रंगावर रंग, त्यात काय. खरंच मला ठाऊक नव्हतं हो.

आता सांगितलं तर धाकटी डोक्याला हात लावू देणार नाही. मोठी सोसेल. तिला सवय आहे, ती कुणाला तोडत नाही. तुम्ही छापू नका एवढीच विनंती. आणि तिचे केस नवे येतील ते पांढरे येतील, त्याला काय करू तेही सांगा.

दोघींची आई

●

१५ एप्रिल

आदरणीय काकूंस, नमस्कार.

तुमचं पत्र मी छापणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. एका वाचकाचं पत्र दुसऱ्याला न सांगण्याचा नियम मी पहिल्यापासून पाळत आले आहे. आज पहिल्यांदाच तो नियम माझी सोय आहे की काय, असं मनात येतं. मला बोलावं लागत नाही म्हणून मी त्याच्या आड तर उभी नाही ना?

तुम्ही लिहिलंत ते मला खोटं वाटत नाही. तुमच्या जागी मी असते तर, इथपर्यंत लिहून थांबले, कारण मला मुली नाहीत.

पण मोठी सोसेल हे मात्र पटलं नाही. सवय आहे म्हणून दुखत नाही असं नसतं. तिच्यावर हा डाग तुमच्यामुळे आहे, आणि तो माझ्याच पत्राने घट्ट झाला. मी तपासून जे खरं ते लिहिलं, आणि धाकटीने तेच सत्य ताईच्या नावावर टाकलं. आता मी कितीही लिहिलं तरी ती त्यातून तेच काढील. हे फक्त तुम्हीच सोडवू शकता, तेही पत्राने नाही.

नव्या केसांचं विचारलंत. पांढरे येतील, काकू. येऊ देत. पुन्हा ते औषध लावू नका, ही मात्र विनंती नाही, ठाम सांगणं आहे.

फणीताई

●

२२ एप्रिल

फणीताईंस,

‘दोन रंगांच्या’ बाईंना तुम्ही दिलेलं उत्तर आमच्या सलूनमध्ये कुणीतरी मोठ्याने वाचलं. बायका हसल्या. मी कात्री खाली ठेवून मागे गेले. ती रंगवणारी मी.

वाटी चुकली असती तर टोकंही चुकली असती, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी कापून ठेवलं आहे. एवढं मला कुणी म्हणालं नव्हतं. स्वतःचं स्वतःला म्हटलेलं धरत नाहीत.

काम कसं केलं ते तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी मी तिची एक बट रंगवून पाहिली होती. कुणालाही न पाहता रंगवू नये हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पण समोरची बट रंगवली तर लग्नाआधी दिसली असती, म्हणून कानामागची घेतली, मानेजवळची. ती सुरेख आली. तिथे तेल पोचत नव्हतं ना. तेलाचा हात माथ्यावर असतो, कानामागे कोण कशाला जिरवेल.

लग्नाच्या सकाळी माथ्यावर ब्रश फिरवला आणि काही मिनिटांत हातमोज्यातून तिचं डोकं गरम लागलं. नुसतं कोमट नाही, उकडलेल्या बटाट्यासारखं. तिला म्हटलं, चल, धुवायचं. ती म्हणाली, एवढ्यात? मी तिला बेसिनकडे ओढतच नेलं. ती अजून म्हणते मी मुद्दाम अर्धवट धुतलं. आणखी पाच मिनिटं ठेवलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

लग्न आटोपल्यावर घरी आईच्या कपाटातून चादर काढायला गेले, तेव्हा बाटली दिसली. झाकण उघडून वास घेतला. तळाला पांढुरकं बसलं होतं. तेव्हापासून मला माहीत आहे.

आईला विचारलं नाही. काय विचारणार? तिच्या डोळ्यांसमोर माझं मोडलं, त्याचं तिने काय केलं असेल ते मला कळतं. आणि लहानीला सांगितलं तर तिच्या हाती काय राहील? रविवार. तोच काढून घ्यायचा? मी तशीही आईच्या पुढ्यात बसत नव्हते. वाद घालायची. माझे पांढरे केस मला दाखवायचे होते, आईला झाकायचे होते, त्यावरून आमचं तेल कधीच बंद झालं.

तुम्ही आणखी काही छापू नका. बोलायचं ते मी एवढंच म्हटलं होतं तिला, परवा फोनवर. नावं ठेव मला, पण डोक्याला ब्लीच लावू नकोस. तिने फोन ठेवला.

रंगवाली ताई

●

३० एप्रिल

प्रिय ताई,

तुमच्याशी बोलायचं तर मला दुसऱ्या कुणाच्या पत्रातलं सांगावं लागेल, आणि ते मी करणार नाही. म्हणून फार थोडं लिहिते.

तुम्ही कामात चुकला नाहीत. कानामागची बट तुम्ही घेतलीत, दहापैकी दहा जणींनी तीच घेतली असती, मीही. यापुढे मी कुणाला सल्ला देताना मात्र सांगेन, की एक बट माथ्याचीही घ्यावी, दिसली तरी चालेल.

तुमच्या आईला आणि बहिणीला एकत्र बसवायला मी सांगू का, असं मनात आलं. मग वाटलं, कोण मी? केसांबद्दल विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बसले होते. उत्तर बरोबर आलं, आणि त्याने कुणाचंही काही बरं झालं नाही. अजूनही नाही. तुम्ही गप्प राहता हे मोठेपण आहे की तुम्हा तिघींचीही सोय, हे मला बाहेरून ठरवता येत नाही. तुम्हाला ते रोज ठरवावं लागतं याचं वाईट वाटतं.

एकदा आईच्या पुढ्यात बसून या. काही सांगायला नको. नुसतं.

फणीताई

●

१२ मे

फणीताई बाई यांस,

रविवारी मोठी आली. न कळवता. धाकटी आधीच आलेली होती, तिच्या केसांना हात लावायची अजून माझी हिंमत होत नव्हती, नुसत्या बसलो होतो. मोठीला बघून धाकटी उठायला लागली. मोठी म्हणाली, बस, मी तुझ्याकडे नाही आले. आणि माझ्या पुढ्यात येऊन जमिनीवर बसली. पिना काढल्या, केस सोडले. अर्धे पांढरे झाले आहेत हो. एवढे झालेत ते मला माहीत नव्हतं. एरवी बांधलेलेच बघते.

म्हणाली, आई, मला लाव.

मी नवी बाटली घेतली. निव्वळ तेल होतं, तुम्ही सांगितल्यावर दुसरं काही घातलं नाही. तळहातावर ओतलं आणि तिच्या माथ्यावर ठेवलं. तिची मान जराशी मागे आली, लहानपणी यायची तशी.

धाकटी बघत होती. मला वाटलं, तिचं लक्ष ताईच्या केसांकडे आहे. मग ती म्हणाली, “आई, तू बाटली हलवली नाहीस.”

मी म्हटलं, विसरले. आणि बाटली उचलून हलवली. आत हलण्यासारखं काही नव्हतंच. नुसतं तेल इकडून तिकडे झालं.

धाकटीने बाटली माझ्या हातातून घेतली आणि खिडकीशी धरली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर मोठी पाठमोरी बसल्या बसल्याच म्हणाली, “आई, हात थांबवू नकोस.”

धाकटीने मग काही विचारलं नाही. बाटली माझ्याजवळ ठेवली आणि ताईच्या शेजारी बसली, माझ्याकडे पाठ करून. पण तिने केस सोडले नाहीत. माथ्यावरचं हिरवं झाकायला ती पट्टी बांधते, ती तशीच ठेवली. दोघी तशाच बसल्या होत्या, एकमेकींशी एक शब्द नाही. मी मोठीच्या डोक्याला तेल लावत राहिले. पुरे झालं होतं तरी लावत राहिले, कारण थांबले की काय होईल ते कळत नव्हतं.

मग दोघी उठल्या आणि बाहेर गेल्या. आधी मोठी, मग धाकटी. बाहेरून बोलल्याचा आवाज येत नव्हता, भांडल्याचाही नाही. नंतर फाटक दोनदा वाजलं की एकदाच, ते माझ्या लक्षात नाही.

तुम्ही जाणत्या आहात म्हणून विचारते. मुली अशा गप्प असल्या, तर त्याचा अर्थ काय धरायचा?

दोघींची आई